पॉवर ट्रान्झिस्टरसाठी हीट सिंक कसा निवडायचा: जंक्शनपासून हवेपर्यंतचा हिशोब

TIP3055 या पॉवर ट्रान्झिस्टरच्या डेटाशीटमध्ये वरच्याच बाजूला ९० वॉट असा आकडा असतो. सर्किट नव्याने बांधणारा तो वाचतो, आपल्याला तर ३० वॉटच घालवायचे आहेत असं म्हणतो आणि हाताशी असलेला अ‍ॅल्युमिनियमचा पत्रा स्क्रूने लावून मोकळा होतो. थोड्याच वेळात ट्रान्झिस्टर शॉर्ट होतो आणि आउटपुटला इनपुटचा सगळा व्होल्टेज येतो, म्हणजे पुढे जोडलेली वस्तूही धोक्यात.

डेटाशीट खोटं सांगत नाही. त्या ९० वॉटच्या ओळीतच अट लिहिलेली असते: केसचं, म्हणजे ट्रान्झिस्टरच्या बाहेरच्या आवरणाचं, तापमान २५ अंश सेल्सिअस. ३० वॉट आत ओतत असताना केस २५ अंशांवर धरून ठेवायची तर त्यामागे पाणी खेळवावं लागेल. साध्या हवेत, पंख्याशिवाय, बंद डब्यात ती अट कधीच पाळली जात नाही. म्हणून ९० हा आकडा बाजूला ठेवायचा आणि त्याच डेटाशीटमधले दोन दुसरे आकडे उचलायचे: जंक्शनचं कमाल तापमान आणि जंक्शन ते केस औष्णिक रोध. हीट सिंक या दोघांवरून ठरतो.

हा हिशोब आपण एका खऱ्याखुऱ्या गरजेवर करू. समजा तुम्हाला ५ ते १२ व्होल्ट बदलता येणारा, २ अँपिअर देणारा लिनिअर पॉवर सप्लाय बांधायचा आहे. ट्रान्सफॉर्मर, ब्रिज रेक्टिफायर, मोठा कपॅसिटर आणि त्यापुढे सीरिज पास ट्रान्झिस्टर म्हणून TIP3055. जो व्होल्टेज आउटपुटला नको असतो तो हा ट्रान्झिस्टर स्वतःवर घेतो आणि उष्णता करून टाकतो.

आधी एकच नियम

उष्णता जंक्शनमध्ये, म्हणजे आतल्या सिलिकॉनच्या चकतीत, तयार होते आणि शेवटी हवेत जाते. वाटेत तिला तीन टप्पे पार करावे लागतात: जंक्शन ते केस, केस ते हीट सिंक, हीट सिंक ते हवा. प्रत्येक टप्पा थोडा अडथळा करतो. त्या अडथळ्याला औष्णिक रोध म्हणतात आणि तो अंश प्रति वॉट या एककात मोजतात. एखाद्या टप्प्याचा रोध २ अंश प्रति वॉट असेल आणि त्यातून १० वॉट जात असतील, तर त्या टप्प्याच्या दोन टोकांत २० अंशांचा फरक पडेल.

ओहमचा नियम माहीत असलेल्याला यात नवीन काही नाही. करंटच्या जागी वॉट, व्होल्टेजच्या जागी तापमानातला फरक, रेझिस्टरच्या जागी औष्णिक रोध. तिन्ही टप्पे एकामागून एक असल्यामुळे त्यांची बेरीज होते:

```
Tj = Ta + P × (RθJC + RθCS + RθSA)
```

यात Tj जंक्शनचं तापमान, Ta हीट सिंकभोवतीच्या हवेचं तापमान आणि P ट्रान्झिस्टरमध्ये उष्णता होणारी पॉवर. RθJC ट्रान्झिस्टर बनवणाऱ्याने ठरवून टाकलेला असतो. RθCS तुम्ही ट्रान्झिस्टर कसा बसवता यावर ठरतो. उरलेला RθSA म्हणजे हीट सिंक, आणि तोच आपल्याला शोधायचा आहे. समीकरण उलटं फिरवलं की झालं:

```
RθSA = (Tj - Ta) / P - RθJC - RθCS
```

समीकरण शाळकरी आहे. त्यात कोणते आकडे टाकायचे हे ठरवणं मात्र तेवढं सोपं नाही, आणि बहुतेक जळालेल्या ट्रान्झिस्टरांचं कारण तिथेच सापडतं.

पहिली पायरी: सर्वात वाईट पॉवर शोधा

सीरिज ट्रान्झिस्टरवरची पॉवर म्हणजे त्याच्यावर पडलेला व्होल्टेज गुणिले त्यातून जाणारा करंट. सप्लाय १२ व्होल्ट २ अँपिअर देत असताना तो सर्वात जास्त राबतो असं वाटतं, कारण आउटपुटला तेव्हा २४ वॉट मिळत असतात. ट्रान्झिस्टरच्या दृष्टीने मात्र हा सोपा काळ आहे. कपॅसिटरवर २० व्होल्ट असतील तर त्याच्यावर फक्त ८ व्होल्ट पडतात आणि १६ वॉट होतात. नॉब फिरवून आउटपुट ५ व्होल्टवर आणा आणि करंट तोच २ अँपिअर ठेवा. आता ट्रान्झिस्टरवर १५ व्होल्ट, म्हणजे ३० वॉट. बाहेर फक्त १० वॉट जातात आणि आत ३० जळतात. हिशोब याच स्थितीसाठी करायचा.

ते २० व्होल्ट कुठून आले हेही पाहायला हवं. आपल्या सप्लायमध्ये कपॅसिटरवरचा व्होल्टेज बिनलोड २४ च्या आसपास आणि २ अँपिअर लोडवर सरासरी १८ आहे असं धरू. लोड टाकल्यावर ट्रान्सफॉर्मरचा व्होल्टेज बसतो, म्हणून बिनलोड मोजलेला आकडा इथे वापरायचा नाही; त्याने हीट सिंक उगाच मोठा येतो. रिपलचा वरचा टोकही घ्यायचा नाही, सरासरी घ्यायची, कारण हीट सिंकला सेकंदाच्या शंभराव्या भागातले चढउतार कळतही नाहीत. पण मेन्स १० टक्क्यांनी वर गेला तर १८ चे जवळपास २० होतात, आणि तो मात्र तासन्‌तास तसाच राहू शकतो. म्हणून २० धरायचे.

बेसच्या करंटमुळे होणारी पॉवर या हिशोबात नगण्य आहे. ती सोडून द्या.

दुसरी पायरी: वरचं आणि खालचं तापमान

TIP3055 साठी जंक्शनचं कमाल तापमान १५० अंश आहे. ही सीमा गाठायची नसते. सिलिकॉन १५० अंशांना लगेच मरत नाही, पण तापमान जितकं वर तितकं आतल्या जोडांचं आणि पॅकेजचं आयुष्य झपाट्याने घटतं. शिवाय आपल्या हिशोबातल्या प्रत्येक आकड्यात थोडी चूक असणारच. मी नेहमी कमाल तापमानाच्या २५ अंश खाली थांबतो, म्हणजे इथे १२५. तुमचा सप्लाय दिवसरात्र चालणार असेल तर ११० धरा.

खालचं तापमान म्हणजे हवेचं. खोलीत ३० अंश आहेत म्हणून ३० लिहिणं ही फार सहज होणारी चूक आहे. हीट सिंकला खोलीच्या हवेशी देणंघेणं नाही, त्याला त्याच्या पंखांना लागून असलेल्या हवेशी आहे. हीट सिंक डब्याच्या आत असेल तर ट्रान्सफॉर्मर आणि रेक्टिफायरही त्याच हवेला तापवत असतात. झरोके असलेल्या डब्यात खोलीपेक्षा १० ते १५ अंश जास्त सहज होतात. खोली उन्हाळ्यात ३५ ते ४० ला जाऊ शकते हे लक्षात घेऊन आपण ५० धरू.

म्हणजे खर्चायला आपल्याकडे १२५ वजा ५०, एकूण ७५ अंश आहेत. हे ७५ अंश तिन्ही टप्प्यांत वाटायचे.

तिसरी पायरी: जे रोध आपल्या हातात नाहीत

TIP3055 चा RθJC डेटाशीटमध्ये १.३९ अंश प्रति वॉट असा दिलेला असतो. एखाद्या ट्रान्झिस्टरच्या डेटाशीटमध्ये तो थेट दिलेला नसेल तर घाबरू नका. ‘२५ अंशांच्या वर प्रत्येक अंशाला इतके वॉट कमी करा’ असा डिरेटिंगचा आकडा बहुधा असतोच. इथे तो ०.७२ वॉट प्रति अंश आहे. १ भागिले ०.७२ करा, १.३९ येतात. आणि ९० वॉट गुणिले १.३९ म्हणजे १२५ अंश. केस २५ वर असेल तर जंक्शन बरोबर १५० ला पोहोचतं. पहिल्या पानावरचा ९० वॉट हा आकडा असा तयार होतो.

डेटाशीटमध्ये RθJA नावाचा आणखी एक आकडा दिसेल, इथे ३५.७. हा हीट सिंक अजिबात नसतानाचा जंक्शन ते हवा असा पूर्ण रोध आहे. हीट सिंकच्या हिशोबात तो कुठेही टाकायचा नाही. त्याचा उपयोग एवढाच, की हीट सिंकची गरज आहे का हे त्यावरून कळतं. ५० अंश हवेत १५० पर्यंत १०० अंश मिळतात, भागिले ३५.७ म्हणजे २.८ वॉट. आपल्याला ३० हवेत, तेव्हा प्रश्नच मिटला.

आता केस ते हीट सिंक. TIP3055 च्या मागच्या धातूच्या पट्टीला कलेक्टर जोडलेला असतो. तो थेट हीट सिंकवर बसवला तर पूर्ण हीट सिंकवर २० व्होल्ट येतील आणि हीट सिंक डब्याला टेकला की शॉर्ट. म्हणून मध्ये अभ्रकाचा पातळ वॉशर किंवा सिलिकॉनचा पॅड घालतात. अभ्रक आणि दोन्ही बाजूंना थर्मल ग्रीस असेल तर या मोठ्या पॅकेजसाठी ०.५ अंश प्रति वॉट हा हिशोबाला चालणारा आकडा आहे. पॅड वापरणार असाल तर पॅडच्या डेटाशीटमधला आकडा घ्या; स्वस्त पॅडचा रोध याच्या दुप्पट असू शकतो.

चौथी पायरी: वजाबाकी

```
RθSA = (125 - 50) / 30 - 1.39 - 0.5
     = 2.5 - 1.89
     = 0.61
```

हीट सिंक ०.६१ अंश प्रति वॉट किंवा त्याहून कमी हवा. कमी रोध म्हणजे चांगला आणि मोठा हीट सिंक, हे नवख्यांच्या हातून उलटं होतं, म्हणून स्पष्ट लिहिलं.

पंख्याशिवाय ०.६१ म्हणजे चेष्टा नाही. तो साधारण किलोभर वजनाचा, सप्लायच्या डब्याची अख्खी मागची बाजू व्यापणारा तुकडा असतो. इथे बरेच जण कॅटलॉगमध्ये शोधत बसतात किंवा पंखा लावून टाकतात. पण त्याआधी ७५ अंश कुठे खर्च झाले ते पाहा. ३० वॉट गुणिले १.८९ म्हणजे ५६.७ अंश हीट सिंकला पोहोचण्याआधीच संपले. हीट सिंकच्या वाट्याला उरले जेमतेम १८ अंश. अडचण हीट सिंकची नाहीच. एका ट्रान्झिस्टरच्या पायाखालून ३० वॉट बाहेर काढायचेत, अडचण ती आहे. हीट सिंक कितीही मोठा केला, अगदी शून्य रोधाचा केला, तरी ते ५६.७ अंश तसेच राहतात.

दोन ट्रान्झिस्टर घ्या

एकाच हीट सिंकवर दोन TIP3055 समांतर लावले तर प्रत्येकातून १५ वॉट जातील. हीट सिंकला अजूनही ३० वॉट हवेत सोडायचेत, पण जंक्शन ते हीट सिंक हा टप्पा आता प्रत्येक ट्रान्झिस्टरचा वेगळा आहे आणि त्यावर निम्मीच पॉवर आहे. समीकरणात ही गोष्ट नीट वेगळी मांडावी लागते:

```
RθSA = (Tj - Ta - 15 × 1.89) / 30
     = (75 - 28.35) / 30
     = 1.55
```

०.६१ वरून १.५५. एका ट्रान्झिस्टरच्या किमतीत हीट सिंकचं आकारमान निम्म्याहून खाली आलं. दहा-पंधरा वॉटच्या पुढे पॉवर गेली की हीट सिंक वाढवण्याआधी ट्रान्झिस्टर वाढवून पाहावा, असं माझं ठाम मत आहे. कितीतरी सर्किटांत अवजड हीट सिंकवर एकटा ट्रान्झिस्टर बसवलेला दिसतो; बाहेरून हात लावला तर हीट सिंक कोमट, आणि आत जंक्शन शेकत असतं.

समांतर लावताना एक काळजी घ्यायची. ट्रान्झिस्टर तापला की त्याचा बेस-एमिटर व्होल्टेज दर अंशाला साधारण २ मिलिव्होल्टने घटतो. म्हणजे दोघांपैकी जो थोडा जास्त गरम, तो जास्त करंट ओढतो, मग आणखी तापतो, मग आणखी ओढतो. हे थांबवायला प्रत्येकाच्या एमिटरमध्ये छोटा रेझिस्टर घालतात. ०.२२ ओहम पुरतो. १ अँपिअरला त्यावर ०.२२ व्होल्ट पडतात, आणि दोन ट्रान्झिस्टरांत ५० मिलिव्होल्टचा फरक असला तरी करंटमधला फरक ०.२३ अँपिअरच्या आसपासच राहतो. एक वॉटचा रेझिस्टर वापरा.

तरीही वाटणी अगदी निम्मी-निम्मी होणार नाही. वाईटात वाईट म्हणून साठ-चाळीस धरून बघू. एका ट्रान्झिस्टरवर १८ वॉट, म्हणजे हीट सिंकपर्यंत ३४ अंश. उरलेले ४१ भागिले ३० म्हणजे १.३७. म्हणून १.५५ चा हीट सिंक न शोधता १.३७ च्या खालचा शोधायचा. मी इथे १.२ चा घेईन.

हवेचं तापमान कमी करणं हाही एक मार्ग आहे. हीट सिंक डब्याच्या बाहेर, मागच्या बाजूला लावला तर ५० ऐवजी ४० धरता येतात आणि प्रत्येक ट्रान्झिस्टरचं जंक्शन थेट १० अंशांनी खाली येतं. याला काही खर्च नाही, तेव्हा जमत असेल तर जरूर करा. पुढचा हिशोब मात्र मी ५० वरच करतो.

हीट सिंकचा आकडा कसा वाचायचा

कॅटलॉगमध्ये ‘१.२ अंश प्रति वॉट’ एवढंच लिहिलेलं असतं, पण त्यामागे अटी असतात. पहिली अट, पंख उभे असले पाहिजेत. गरम हवा पंखांच्या मधल्या फटींतून वर चढते आणि खालून थंड हवा ओढून घेते. पंख आडवे केले की हवा फटींत अडकून राहते आणि रोध बराच वाढतो. वरखाली मोकळी जागाही लागते. खालची बाजू टेबलाला टेकलेली असेल तर हवा येणार कुठून?

दुसरी अट कमी जणांना माहीत असते. पंख्याशिवायच्या हीट सिंकचा रोध स्थिर नसतो. हीट सिंक जितका गरम, तितकी हवा जोरात वर चढते, आणि रोध थोडा कमी होतो. बनवणारे अनेकदा तो हवेपेक्षा ७० किंवा ७५ अंश गरम असतानाचा आकडा छापतात, कारण तो दिसायला चांगला असतो. आपला हीट सिंक हवेपेक्षा फक्त ३६ अंश वर राहणार आहे. तेव्हा कॅटलॉगमध्ये आलेख असेल तर त्यावर ३० वॉट शोधा आणि तिथे तापमानवाढ किती आहे ती वाचा. आपल्याला ती ४१ च्या खाली हवी. आलेख नसेल तर छापलेल्या आकड्यावर पाव भाग वाढवून धरा: छापील १.० असेल तर १.२५ समजा.

एक्सट्रूजन, म्हणजे पंख असलेली अ‍ॅल्युमिनियमची लांब पट्टी, लांबीने कापून घेत असाल तर लांबी दुप्पट केली म्हणून रोध निम्मा होईल असं मानू नका. उभ्या बाजूने लांबी वाढवली की वरच्या भागाला खालून आधीच तापलेली हवा मिळते. दुप्पट लांबीला रोध साधारण ०.७ पट होतो. रुंदी वाढवणं जास्त फायद्याचं.

काळ्या अ‍ॅनोडाइझ्ड हीट सिंकमधून उष्णता किरणांनीही बाहेर जाते, चकचकीत उघड्या अ‍ॅल्युमिनियममधून ती फार कमी जाते. पंख्याशिवायच्या रचनेत हा फरक मोजण्याइतका असतो. पंखा असेल तर रंगाचा विचार करू नका.

बसवताना

हिशोबातला ०.५ हा रोध तुमच्या हातावर आहे. हीट सिंकला भोक पाडल्यावर कडेला उभी राहिलेली धार मोठ्या ड्रिलने अलगद काढून टाका. ती राहिली तर अभ्रक फाटतो किंवा ट्रान्झिस्टर तिच्यावर तोलून राहतो आणि बाकी पृष्ठभाग टेकतच नाही. ग्रीस दोन्ही बाजूंना अगदी पातळ लावा. ग्रीसचं काम धातूच्या बारीक खाचांतली हवा हुसकावणं आहे. ते स्वतः धातूच्या तुलनेत उष्णता फारच कमी वाहून नेतं, म्हणून जाड थर नुकसानच करतो. स्क्रू आवळल्यावर कडेने थोडंसं बाहेर आलं की पुरे.

स्क्रूही कलेक्टरला हीट सिंकशी जोडू शकतो. पॅकेजचं भोक आतून प्लॅस्टिकचं नसेल तर इन्सुलेटिंग बुश लागेल. सगळं आवळल्यावर, सर्किट जोडण्याआधी, मल्टिमीटर ओहमवर ठेवून कलेक्टर आणि हीट सिंक यांच्यात काही वाचन येत नाही ना ते पाहा. आता तपासायला मिनिटभर लागतो. नंतर सगळं उकलावं लागतं.

दोन ट्रान्झिस्टर हीट सिंकच्या एका कोपऱ्यात शेजारी शेजारी बसवू नका. रुंदीचे दोन सारखे भाग करा आणि प्रत्येकाच्या मधोमध एकेक बसवा, म्हणजे उष्णता सगळ्या पंखांपर्यंत सारखी पोहोचते.

हिशोब खरा ठरला का

१.२ च्या हीट सिंकसाठी अपेक्षित तापमानं आधी कागदावर लिहून ठेवा. हवा ५० असताना हीट सिंक ५० अधिक ३६ म्हणजे ८६. केस त्याहून १५ गुणिले ०.५, म्हणजे साडेसात अंश वर: ९३.५. जंक्शन त्याहून १५ गुणिले १.३९, जवळपास २१ अंश वर: ११४. जंक्शन मोजता येत नाही, पण केस आणि हीट सिंक मोजता येतात, आणि तेवढ्यावरून जंक्शनचा अंदाज पक्का होतो.

चाचणी साध्या खोलीतही होते, कारण आपल्याला तापमानवाढ तपासायची आहे. समजा पंखांजवळच्या हवेत २८ अंश आहेत. आउटपुट ५ व्होल्ट, लोड २ अँपिअर करा, आणि ट्रान्झिस्टरवरचा प्रत्यक्ष व्होल्टेज मोजून पॉवर पुन्हा काढा. मेन्स वाढलेला नसेल तर ती ३० नव्हे, २६ च्या आसपास येईल. मग हीट सिंकची अपेक्षित वाढ २६ गुणिले १.२, म्हणजे ३१ अंश, आणि तापमान ५९.

घाई करू नका. अर्धा किलो अ‍ॅल्युमिनियम एक अंशाने तापवायला साधारण ४५० ज्यूल लागतात. १.२ ने गुणलं की ५४० सेकंद, म्हणजे नऊ मिनिटं, हा त्या हीट सिंकचा कालांक आला. स्थिर तापमानाला पोहोचायला त्याच्या चार-पाच पट वेळ हवा, म्हणजे पाऊण तास. पाच मिनिटांनी हात लावून ‘फारसा तापत नाही’ असं म्हणणाऱ्याने चाचणी केलेलीच नसते.

तापमान थर्मोकपलने मोजा. त्याचं टोक ट्रान्झिस्टरच्या धातूच्या पट्टीवर आणि नंतर त्याच्या अगदी शेजारी हीट सिंकवर थोड्या ग्रीससह टेकवा. पट्टीवर कलेक्टरचा व्होल्टेज आहे, तेव्हा टोक उघडं असेल तर मीटर बॅटरीवर चालणारा हवा आणि टोक एकाच वेळी दोन्हीकडे टेकता कामा नये. इन्फ्रारेड थर्मामीटर चकचकीत अ‍ॅल्युमिनियमवर चक्क कमी तापमान दाखवतो. तोच वापरायचा असेल तर तिथे काळ्या इन्सुलेशन टेपचा तुकडा चिकटवून टेपचं तापमान वाचा.

आता वाचनं काय सांगतात ते पाहा. केस आणि हीट सिंक दोन्ही अपेक्षेपेक्षा सारख्याच अंशांनी जास्त असतील तर हीट सिंक कमी पडतोय: हवा अडली आहे, पंख आडवे आहेत किंवा छापलेला आकडा फुगवलेला होता. हीट सिंक बरोबर आहे पण केस फार गरम आहे, तर दोष बसवण्यात आहे. प्रत्येक ट्रान्झिस्टरवर १३ वॉट असताना फरक साडेसहा अंशांच्या आसपास हवा. तो २२ आला तर २२ भागिले १३, म्हणजे १.७ रोध झाला. ग्रीस लावायचं राहिलं आहे किंवा अभ्रकाखाली कचरा आहे. आणि एक केस दुसरीपेक्षा बरीच गरम असेल तर दोन्ही एमिटर रेझिस्टरवरचे व्होल्टेज मोजा, करंटची वाटणी लगेच कळेल.

हा सगळा हिशोब सतत चालणाऱ्या पॉवरचा आहे. काही मिलिसेकंदांचे मोठे झटके देणाऱ्या सर्किटात हीट सिंकला काही कळायच्या आत जंक्शन तापून निघतं; तिथे डेटाशीटमधला थर्मल रिस्पॉन्सचा आलेख वापरावा लागतो. तसंच जास्त व्होल्टेजवर ट्रान्झिस्टर सरासरी तापमान ठीक असतानाही सेकंड ब्रेकडाउनने, म्हणजे चकतीच्या एकाच ठिपक्यात करंट एकवटून, जाऊ शकतो, म्हणून तुमचा व्होल्टेज आणि करंट सेफ ऑपरेटिंग एरियाच्या आलेखात आत बसतात ना हे वेगळं तपासा. आपले २० व्होल्ट आणि प्रत्येकी १ अँपिअर आरामात आत आहेत.

आउटपुट शॉर्ट झालं तर

पॉवर सप्लायच्या आयुष्यात हे होणारच. करंट लिमिट २ अँपिअरला असेल तर शॉर्टमध्ये सगळे २० व्होल्ट ट्रान्झिस्टरांवर येतात, म्हणजे ४० वॉट. (लिमिट नसेल तर हीट सिंकचा कोणताही आकार तुम्हाला वाचवणार नाही, आधी ती घाला.) हीट सिंक ५० अधिक ४८ म्हणजे ९८ ला जाईल आणि जंक्शन त्याहून २० गुणिले १.८९, जवळपास ३८ अंश वर, १३६ ला. साठ-चाळीसची वाईट वाटणी धरली तर तापलेल्या बाजूचं जंक्शन १४३. आपली १२५ ची सीमा मोडली, १५० ची मोडली नाही. थोडा वेळ हे चालेल, रात्रभर नको.

यासाठी हीट सिंक दुप्पट करण्यापेक्षा त्यावर, दोन ट्रान्झिस्टरांच्या मध्ये, ९५ अंशांना उघडणारा थर्मल स्विच बसवावा आणि तो ट्रान्सफॉर्मरच्या प्रायमरीत जोडावा. तिथे मेन्स असल्याने त्याच्या टोकांवर इन्सुलेशन चढवा आणि धातूचा हीट सिंक अर्थ करा. अशा स्विचचा नेमकेपणा साधारण पाच अंश इकडेतिकडे असतो. तो ९० ला उघडला तरी नेहमीच्या सर्वात वाईट स्थितीतल्या ८६ ला विनाकारण बंद पडणार नाही. एखादा उशिरा, १०० ला उघडणारा निघाला आणि उकाड्याने हवा ५० च्याही वर गेलेली असली, तरी शॉर्टमध्ये उघडण्याच्या क्षणी बरोबर वाटणीचं जंक्शन १३८ आणि वाईट वाटणीचं १४५ असेल. ८५ चा स्विच घेतला तर तो भर उन्हाळ्यात ५ व्होल्टवर काम चालू असतानाच सप्लाय बंद करेल, आणि ११० चा घेतला तर तो उघडेपर्यंत वाईट वाटणीत जंक्शन १५५ ला जाऊ शकेल.